मामीच्या ट्रंकेतल्या दोन चुनड्या

(या भागाचा हा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे. वाचायला सोपं जावं म्हणून आकडे तेवढे नीट लिहून काढलेत.)

आजचा भाग मसुऱ्याहून आहे. मागे कोंबडा ओरडला किंवा एसटीचा हॉर्न वाजला, तर तेवढं सांभाळून घ्या. मसुरे हे माझं आजोळ. गड नदीच्या काठचं गाव, वर भरतगड, आणि ज्या आंगणेवाडीच्या जत्रेला अर्धी मुंबई येते ती आंगणेवाडी ह्याच गावची एक वाडी.

मी जुनं कापड बघते. म्हणजे लोक ट्रंकेतून काहीतरी काढतात, 'हे किती जुनं असेल हो?' असं विचारतात, आणि मी भिंग घेऊन बसते. आज दोनच कापडांची गोष्ट सांगणार आहे. दोन्ही माझ्या मामीच्या ट्रंकेतली, दोन्ही बांधणीची. आपल्याकडे बायका चुनडी म्हणतात ती. एक रेशमी, एक सुती.

झालं असं की श्रावणात मामीचा फोन आला. जुनं सामान घेणारा एक माणूस येऊन गेला होता. रेशमी चुनडीला त्याने चांगली घसघशीत किंमत सांगितली. सुती चुनडी बघून म्हणाला, 'ह्या फडक्याचं वेगळं काही देणार नाही, सोबत टाका.' मामीला शंका आली. मी पोचल्यावर तिने दोन्ही कापडं ओटीवर चटईवर पसरली आणि म्हणाली, "ह्यां रेशमी आमच्या थोरल्या आजयेचां. पेशव्यांच्या येळचां, भरतगडावरसून इलेलां. तुका काय वाटतां गो?"

आता भरतगड इंग्रजांनी घेतला 1818 साली. गडावरून आलेलं म्हणजे कापड त्याआधीचं, दोनशे वर्षांहून जुनं. असं असेल तर ती चुनडी विकायची गोष्टच नाही. आणि तसं नसेल, तर ते मामीला विक्रीआधी कळायला हवं. शिवाय ते 'फडकं' खरंच फुकट द्यायच्या लायकीचं आहे का, हाही प्रश्न होताच.

मी तीन गोष्टी बघते. गाठीच्या खुणा, कापडाचं वजन आणि रंग. ह्याच क्रमाने. गाठी आधी बघते, कारण कापड खरंच बांधून रंगवलंय की नुसतं छापलंय, हे कळल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ.

बांधणी कशी होते ते थोडक्यात सांगते. कापडाची घडी घालतात, दोन पदरी किंवा चार पदरी. नक्षी गेरूने उमटवतात. मग करंगळीच्या वाढवलेल्या नखाने कापडाचा बारीकसा चिमटा वर उचलायचा आणि त्याच्याभोवती दोरा घट्ट गुंडाळायचा. रंगात बुडवलं की दोऱ्याखालची जागा कोरी राहते. आधी फिका रंग, मग नव्या गाठी, मग त्याहून गडद. पांढरा, पिवळा, लाल, आणि हवा असेल तर शेवटी काळा. चिमट्याचं अगदी टोक दोऱ्याच्या बाहेर राहतं, त्यामुळे त्याला रंग लागतो. म्हणून खऱ्या गाठीचा ठिपका हा ठिपका नसतोच. ते एक छोटं कडं असतं आणि मध्ये रंगाचा बारीक थेंब. छापलेल्या चुनडीत कडं फार गोल, फार एकसारखं असतं, आणि उलट्या बाजूला फिकं पडतं.

रेशमी चुनडीवर मला एक चूक सापडली आणि मी खूश झाले. फुलाच्या एका पाकळीत चार ठिपक्यांची रांग होती, त्यातला तिसरा ठिपका गायब. बांधणाऱ्या बाईचं लक्ष क्षणभर हललं असेल. मी कापड उलटसुलट घडी घालून बघितलं, तर तोच ठिपका आरशात दिसावा तसा आणखी तीन ठिकाणी गायब होता. म्हणजे कापड चार पदरी घडी घालून बांधलेलं. एक गाठ चार पदरांना मिळून बसते, म्हणून एक चुकलेली गाठ चार ठिकाणी दिसते. आणखी एक. त्या चार जागांच्या शेजारचे ठिपके सारखे नव्हते. वरच्या पदरावर कडं रेखीव, आतल्या पदरांवर जरा पसरट आणि पुसट. छापणाऱ्याला हे जमत नाही, आणि जमलं तरी तो कशाला करेल?

दुसरी खूण चुण्यांची. गाठ सोडल्यावर कापडावर बारीक टोकं उभी राहतात. एका टोकाला हातभर जागेत ती टोकं अजून तशीच होती. म्हणजे ही चुनडी कधी धुतलेली नाही, इस्त्री तर नाहीच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पण गाठींवरून साल कळतं का? थेट नाही. बारीक गाठ म्हणजे जुनी आणि मोठी गाठ म्हणजे नवी, असं विक्रेते सांगतात, ते खरं नव्हे. जाड कापडाचा चिमटा जाडच येणार. आजही कच्छ-जामनगरकडे मोहरीएवढ्या गाठी बांधणारे हात आहेत. त्यातल्या त्यात उपयोगी पडते ती नक्षीची आखणी. लाकडी ठशाने गेरू लावलेला असला की ठसा जिथे पुन्हा ठेवला तिथे रांग किंचित सरकते. अलीकडे प्लास्टिकच्या कागदाला टाचणीने भोकं पाडून त्यावरून रंग पुसतात, तिथे मोठी नक्षीसुद्धा एका सलग मापात येते. मामीच्या दोन्ही चुनड्यांत रांगा दर वीतभर अंतरावर सरकलेल्या होत्या. ठशाचं काम. ह्यावरून 'प्लास्टिकच्या आधीचं असावं' इतकंच म्हणता येतं, कारण ठसे काही एका दिवसात बंद झाले नाहीत.

आता वजन. हे कोणीही घरी करू शकतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि मोजपट्टी पुरे. लांबी गुणिले रुंदी, म्हणजे चौरस मीटर. वजनाला त्याने भागायचं, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम ते कळतं.

इथे दोन चुका मी स्वतः केल्या, त्या सांगते. रेशमी चुनडी 2.10 मीटर लांब, 1.10 मीटर रुंद, वजन 131 ग्रॅम. भागाकार केला, 57 आले. मग लक्षात आलं की एका कोपऱ्यातून 40 बाय 50 सेंटिमीटरचा तुकडा कापलेला आहे. मामी म्हणाली, कुणा बाळाची कुंची शिवली होती त्याची. तो तुकडा वजा केला तर उत्तर 62 येतं. एवढ्या फरकाने कापडाचा प्रकार चुकीचा ठरू शकतो.

दुसरी चूक हवेची. सुती चुनडी मी श्रावणात तोलली, भरली 161 ग्रॅम. आंगणेवाडीच्या जत्रेला पुन्हा आले तेव्हा तीच, त्याच काट्यावर, 152 ग्रॅम. कापडाने नऊ ग्रॅम पाणी पावसाळ्यात हवेतून प्यायलेलं! सूत ओल धरतं, रेशीम त्याहून जास्त धरतं. म्हणून कोकणात कापड तोलायचं तर पाऊस सरल्यावर, दोन दिवस सावलीत मोकळं ठेवून. रेशमी चुनडीचा मी दिलेला आकडा जत्रेच्या वेळचाच आहे.

सुती चुनडी 2.30 बाय 1.12 मीटर. 152 ग्रॅमला भागलं की चौरस मीटरला 59 ग्रॅम. म्हणजे हलकं, तलम मलमल. मग आमचे शेजारचे काका आले. ते लालबागला गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. घरी जाऊन ते पितळेचा पीक ग्लास घेऊन आले. पीक ग्लास म्हणजे एक इंचाची चौकट असलेलं घडीचं भिंग, त्यातून ताणाबाणा मोजतात. काकांनी बोटाने सुई सरकवत मोजलं. इंचाला 72 ताणे, 64 बाणे. आणि सूत कसं? सगळीकडे एकसारखं, कुठे जाड-बारीक नाही. चरख्यावरचं सूत भिंगाखाली श्वास घेतल्यासारखं फुगतं-आवळतं. हे तसं नव्हतं, यंत्राचं होतं.

आता वजन आणि धागे एकत्र ठेवा. इंचाला एकूण 136 धागे आणि तरी वजन फक्त 59 ग्रॅम, म्हणजे धागा फार बारीक. हिशेब केला तर साधारण 55 नंबरचं सूत येतं. सुताचा नंबर जितका मोठा तितका धागा बारीक, हे गिरणीतल्या माणसाला सांगायला नको. काका लगेच म्हणाले, "ह्यां मुंबयचां जुनां काम न्हय." बरोबर आहे. मुंबईत पहिली कापूस गिरणी 1854 साली स्थापन झाली, पण पहिल्या महायुद्धापर्यंत इथल्या गिरण्यांचा भर जाड सुतावर होता, 20 नंबर आणि त्याच्या आसपास. इतकं तलम यंत्राचं मलमल त्या काळात मुख्यतः मँचेस्टरहून यायचं. इथल्या गिरण्या, विशेषतः अहमदाबादच्या, बारीक सुताकडे मोठ्या प्रमाणात वळल्या त्या नंतर. म्हणजे वजनाने आम्हाला साल सांगितलं नाही, पण कापडाचं कूळ सांगितलं. एकतर विलायती, नाहीतर बरंच नंतरचं देशी. ह्या दोहोंतलं कुठलं, ते रंगाने ठरवायचं.

रंग बघायला मी नोटा तपासायचा जांभळा टॉर्च वापरते. रात्री, दिवे घालवून. पहिल्यांदा सुती चुनडीवर टॉर्च मारला आणि माझा चेहराच पडला. सगळे पांढरे ठिपके निळसर पांढरे चमकायला लागले. अशी चमक येते ती कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घालतात त्या द्रव्यांमुळे, आणि ती सर्रास वापरात आली दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे चुनडी 1950 नंतरची? मी वहीत तसं लिहायला घेतलं. तेवढ्यात मामी म्हणाली, "गेल्या दिवाळेक मियांच धुतलंय ना तां. टिनोपॉल घालून."

तर हा सापळा. चमक कापडाची आहे की धुण्याची, हे आधी ठरवायला हवं. मी मामीची परवानगी घेऊन काठाची दुमड इंचभर उसवली. आत टॉर्च मारला, आतलं पांढरं काळोखात काळंच राहिलं. धुताना पाणी दुमडीत पुरतं शिरलं नव्हतं. म्हणजे मूळ कापडात ते द्रव्य नाही.

आणि त्याच दुमडीत, तिरक्या उजेडात, एक पुसट शिक्का दिसला. एक आकडा, आणि पुढे इंग्रजीतल्या 'यार्ड्स' शब्दाची शेवटची दोन अक्षरं. मी दोन मिनिटं काही बोललेच नाही. 1889 साली हिंदुस्थानात व्यापारी चिन्हांचा एक कायदा झाला. ताग्याने विकायच्या कापडावर त्याची लांबी इंग्रजी आकड्यांत, वारांत, ठसठशीत छापलीच पाहिजे, असं त्यात होतं. त्याआधी कोणी हौसेने छापत असेलही, पण त्या शिक्क्याचा नेम झाला तो तेव्हापासून. आणि वार गेले, मीटर आले ते 1956 च्या वजनमापांच्या कायद्यानंतर, काही वर्षांत. म्हणजे आमच्या सुती चुनडीला दोन खुंट मिळाले, साधारण 1889 आणि 1960.

मधली जागा लाल रंगाने अरुंद केली. काठाचा एक सुटलेला धागा घेतला, बशीत ठेवला. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब. लाल जाऊन पिवळं झालं. मग धुण्याच्या सोड्याचं पाणी घातलं, तर जांभळं. ही मंजिष्ठेच्या घराण्याची खूण. तुरटी लावून चढवलेला रंग. काँगो रेड नावाचा 1884 चा स्वस्त रंग असता तर ॲसिडने निळा पडला असता. 1912 नंतर आलेला नॅफ्थॉल लाल असता तर असं पिवळं-जांभळं झालंच नसतं, आणि कोरड्या पांढऱ्या रुमालावर घासला तर बहुधा थोडा उतरला असता. इथे रुमाल कोरा राहिला.

पण मंजिष्ठ मुळांची की कारखान्याची? अलिझारिन प्रयोगशाळेत बनलं 1868 साली आणि काही वर्षांतच स्वस्त होऊन आपल्या रंगाऱ्यांकडे पोचलं. मुंबई इलाख्यातल्या रंगकामावर फॉसेट ह्यांचा सरकारी अहवाल 1896 चा आहे, त्यात देशी रंगांच्या बरोबरीने ह्या विलायती रंगांचीही नोंद आहे. बशीतल्या चाचणीत दोन्ही जवळपास सारखेच वागतात. निवाडा करायचा तर प्रयोगशाळेत धागा द्यावा लागतो. मुळांत मुख्य रंगाबरोबर इतरही रंगद्रव्यं असतात, कारखान्यातला माल त्या मानाने एकटा असतो. आम्हाला इथे त्याची गरज नव्हती. विलायती मलमल, वारांचा शिक्का, अलिझारिनच्या जातीचा लाल. नॅफ्थॉल आणि देशी तलम मलमल रुळण्याआधीचा काळ सगळ्यात जुळतो. मी वहीत लिहिलं, '1890 ते 1925, बहुधा 1915 च्या अलीकडे-पलीकडे.'

पिवळे ठिपके हळदीचे निघाले. सोड्याचं पाणी लावल्यावर लालसर झाले. हळदीत चुना घातला की कुंकवाचा रंग येतो, तेच. हळदीवरून साल कळत नाही, हळद काय कायमचीच. पण घडीच्या बाहेरच्या पदरावर पिवळं उडून पांढरं झालं होतं, आतल्या पदरात टवटवीत. म्हणजे चुनडी वर्षानुवर्षं एकाच घडीत, वरून उजेड लागेल अशी ठेवलेली होती. आणि म्हणूनच, चाचणी कधीही बाहेरच्या पदरावर करून निकाल देऊ नये.

आता रेशमी. गडद गुलाबी, राणी रंग म्हणतो तो. जुनं गुलाबी म्हणजे कुसुंबा, करडईच्या फुलांचा. कुसुंबा असता तर मामीच्या पेशव्यांना थोडी तरी जागा राहिली असती. टॉर्च मारला, आणि अख्खी चुनडी निखाऱ्यासारखी नारिंगी पेटली. काका चटईवरून मागे सरकले! पांढरे ठिपके मात्र काळोखे. ही चुनडी धुतलेलीच नव्हती, आठवतं ना, त्यामुळे इथे टिनोपॉलचा घोळ नाही.

अशी नारिंगी चमक ऱ्होडामीन नावाच्या रंगाची असते. तो 1887 चा. पण कुसुंबाही थोडा चमकतो, म्हणून एक पायरी आणखी. कापलेल्या कोपऱ्याचा सुटा धागा सोड्याच्या पाण्यात टाकला. कुसुंबा असता तर पिवळा पडून पाण्यात निघून गेला असता. धागा गुलाबीच राहिला. झालं. 1887 च्या आधी हा रंग जगातच नव्हता, मग भरतगडावर कुठून येणार?

खालचा खुंट मिळाला, पण वरचा? ऱ्होडामीन पुढेही खूप वर्षं वापरात राहिला. रंग एकटा 'ह्याच्या आधीची नाही' एवढंच सांगतो, 'ह्याच्या नंतरची नाही' हे कधीच सांगत नाही. पांढऱ्यात चमक नाही आणि आखणी ठशाची, म्हणून 1950 च्या आधीची असण्याकडे कल. एवढ्यावर मी थांबले आणि मामीला विचारलं, सासूबाईंचं लग्न कधीचं? ती म्हणाली, चौतीस-पस्तीस साल असेल. सासूबाई ती चुनडी आपल्या लग्नातली म्हणायच्या का? मामी गप्प झाली. मग म्हणाली, लग्नातली म्हणायच्या खऱ्या. पेशव्यांचं मागाहून कोणीतरी जोडलं असणार.

आणि मग सगळं जुळत गेलं. मामीचे आजेसासरे मुंबईत गिरणीत होते. आगबोटीने मालवणला उतरायचे, तिथून पुढे मसुऱ्याला. मुंबईत कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांच्या दुकानात बांधणी मिळायची. स्वतःच्या लग्नानंतर बायकोला आणली ती सुती, आणि पंचवीसेक वर्षांनी सुनेसाठी आणली ती रेशमी. हे मी सिद्ध केलेलं नाही हं. कापडाने मला फक्त दोन काळ दिले, आणि त्या घरात त्या दोन काळांत बसणारी दोन लग्नं होती, एवढंच.

मामी बराच वेळ त्या लाल सुती कापडावर हात फिरवत होती. म्हणाली, "म्हणजे पेशवे नाय. आमचो गिरणीतलो आजोच."

त्या माणसाला तिने निरोप पाठवला. रेशमीचं बघू म्हणाली, सुती देणार नाही. दोन्हींतली जुनी तीच आहे, आणि हा माणूस नेमकी तीच फुकट मागत होता. आता ती दुमडीतला शिक्का आत राहील अशी, घडी न घालता, धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळून नळीवर ठेवलीय. सोबत एक चिठ्ठी. त्यात वजन, कधी तोललं तो महिना, धाग्यांची संख्या, आणि 'दिवाळीत टिनोपॉलात धुतली' हेही. पुढे कोणी टॉर्च मारेल तेव्हा त्याची माझ्यासारखी फजिती नको.

तुमच्या घरी अशी चुनडी असेल तर धुवायच्या आधी दुमड उसवून बघा. आणि तोलणार असाल तर पाऊस संपू द्या. भेटू पुढच्या भागात. येते.